ग्राफ तपासताना मी पट्टी कुठे ठेवते

(अकरावीच्या विद्यार्थ्यांसमोर प्रॅक्टिकल परीक्षेआधी झालेलं बोलणं, थोडं नीटनेटकं करून)

मुलांनो, सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका परत दिल्यावर बऱ्याच जणांनी एकच विचारलं. साध्या दोलकाचा प्रयोग केला, ग्राफ सरळ रेषेत आला, g चं उत्तरही जवळपास बरोबर, तरी ग्राफचे दोन-तीन गुण गेले कसे? आज त्याचंच उत्तर देते. मी ग्राफ हातात घेतल्यावर नेमकं काय करते ते सांगितलं, की गुण कुठे गेले हे तुम्हालाच दिसेल.

आपल्या परीक्षेत ग्राफला मी पाच गुण ठेवते. अक्षांची नावं आणि युनिट यांना एक, स्केलला एक, बिंदूंना एक, रेषेला एक आणि स्लोपला एक. वाटणी परीक्षेप्रमाणे थोडी बदलते, पण तपासण्याच्या कसोट्या फारशा बदलत नाहीत. केंब्रिजच्या ए-लेव्हल फिजिक्सच्या प्रॅक्टिकल पेपरच्या गुणदानातही असंच पाहतात: बिंदूंनी दोन्ही दिशांना किमान अर्धा कागद व्यापला का, स्केल वाचायला अवघड आहे का, बिंदू अर्ध्या छोट्या चौकोनाच्या आत अचूक आहे का. आज मी पहिल्या तीन गुणांबद्दल बोलणार आहे.

एक तक्ता घेऊ. दोलकाची लांबी L सेंटिमीटरमध्ये आणि दोलनकालाचा वर्ग T². लांबी 50 असताना T² आला 2.02, 60 ला 2.42, 70 ला 2.86, 80 ला 3.22, 90 ला 3.63 आणि 100 ला 4.02. सहा रीडिंग्ज, म्हणून सहा बिंदू. कागद तुम्हाला दिलेलाच, 18 सेमी रुंद आणि 24 सेमी उंच.

तुमच्यापैकी निम्म्यांनी तरी दोन्ही अक्ष शून्यापासून सुरू केले. आडव्या अक्षावर 1 सेमी म्हणजे 20 सेमी लांबी, उभ्या अक्षावर 1 सेमी म्हणजे 0.5 सेकंद². आकडे सोपे आहेत, चूक काहीच दिसत नाही. पण मी पट्टी ठेवते ती पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत. आडवं अंतर भरतं अडीच सेमी, उभं चार सेमी. एवढ्या मोठ्या कागदाच्या एका कोपऱ्यात, काडेपेटीहून लहान जागेत सहा बिंदू. इथे स्केलचा गुण जातो.

हा गुण कागद रिकामा राहिला म्हणून जात नाही. या स्केलवर एक छोटा चौकोन, म्हणजे एक मिलिमीटर, 0.05 सेकंद²चा झाला. तुम्ही T² दुसऱ्या दशांशापर्यंत काढलात आणि कागदाला तो दशांश दिसतच नाही. आता 70 सेमीचं रीडिंग बघा. बाकीच्या पाच बिंदूंतून जाणारी रेषा तिथे साधारण 2.82 दाखवते, तुमचं आहे 2.86. फरक 0.04. लहान स्केलवर हा फरक एका छोट्या चौकोनाहूनही कमी आहे. पेन्सिलीच्या जाडीत तो लपून जातो आणि तुम्हाला वाटतं सगळे बिंदू रेषेवर आहेत.

आता तोच तक्ता असा मांडा. आडवा अक्ष 40 पासून, 1 सेमी म्हणजे 5 सेमी लांबी. उभा अक्ष 1.8 पासून, 1 सेमी म्हणजे 0.1 सेकंद². बिंदूंचा पसारा आडवा 10 सेमी आणि उभा 20 सेमी होतो. 18 च्या निम्मे 9 आणि 24 च्या निम्मे 12, म्हणजे दोन्हीकडे अर्ध्याहून जास्त जागा व्यापली. शिवाय उभा छोटा चौकोन आता 0.01 सेकंद²चा, तुमच्या रीडिंगइतकाच बारीक. आणि 70 चा बिंदू रेषेपासून चक्क चार छोटे चौकोन वर दिसतो. मागे जाऊन वही बघितलीत तर 20 दोलनांची वेळ 33.8 सेकंद लिहिलेली सापडेल. रेषेवर यायला ती 33.6 हवी होती. स्टॉपवॉच दाबायला 0.2 सेकंद इकडेतिकडे होणं अगदी शक्य आहे. ही गोष्ट ग्राफने दाखवली, पण स्केल मोठं घेतलं म्हणूनच दाखवली.

मोठं स्केल घ्या म्हटलं की काही जण दुसऱ्या टोकाला जातात. एका उत्तरपत्रिकेत कागद पूर्ण भरावा म्हणून आडवा अक्ष 48 पासून सुरू केला होता आणि 1 सेमी म्हणजे 3 सेमी घेतले होते. जागा उत्तम व्यापली, 16.7 सेमी. पण आता 70 कुठे आहे ते शोधा. 48, 51, 54 करत 69 येतो सातव्या सेंटिमीटरवर. पुढे एक सेमी लांबी उरली आणि छोटा चौकोन आहे 0.3 चा. म्हणजे तीन चौकोन आणि वर एक तृतीयांश. 80 ला सहा चौकोन आणि दोन तृतीयांश. परीक्षेच्या घाईत हे कोणी नीट मोजत नाही. त्या मुलाचे सहापैकी दोन बिंदू चुकले होते, म्हणजे स्केलचा गुण गेलाच, पाठोपाठ बिंदूंचाही गेला. मोठ्या चौकोनाला 1, 2 किंवा 5 द्या, हवं तर त्याच्या दहापट किंवा दहावा भाग. 3, 6, 7 नको. त्यासाठी थोडी जागा रिकामी राहिली तरी चालेल, अर्ध्याहून जास्त व्यापली की पुरे.

शून्यापासून सुरुवात न केल्यावर एक धोका येतो, तोही सांगते. अक्ष जिथे मिळतात त्या कोपऱ्याला आपण सवयीने आरंभबिंदू समजतो. दोलकाची रेषा आरंभबिंदूतून जाते हे पाठ केलेलं असतं, म्हणून रेषा ओढताना पट्टी त्या कोपऱ्याला टेकवली जाते. पण आपल्या ग्राफमध्ये तो कोपरा (0, 0) नाही, (40, 1.8) आहे. खरी रेषा 40 सेमीला 1.62 वर असते, म्हणजे कोपऱ्याच्या खाली, कागदावरच्या ग्राफच्या बाहेर. कोपऱ्यातून 100 सेमीच्या बिंदूपर्यंत रेषा ओढली तर स्लोप येतो 2.22 भागिले 60, म्हणजे 0.037, आणि g = 4π²/स्लोप हे सूत्र g देतं सुमारे 1067 सेमी/सेकंद². बिंदूंतून ओढलेली रेषा 0.040 देते आणि g येतो 987. तेव्हा कोपऱ्याजवळ 40 आणि 1.8 हे आकडे ठळक लिहा. अक्षावर नागमोडी खूण केलीत तर छानच, नाही केलीत तरी मी गुण कापत नाही, पण आकडे नसतील तर कापते.

आता एक चूक अशी, की ती सापडली तर मी स्केल आणि बिंदू दोन्हींचे गुण देत नाही. काही जण उभ्या अक्षावर समान अंतरावर खुणा करतात आणि त्यांना तक्त्यातलेच आकडे देतात: 2.02, 2.42, 2.86, 3.22, 3.63, 4.02. मग प्रत्येक बिंदू बरोबर खुणेसमोर ठेवतात. रेषा काटेकोर सरळ येते, बघायला फार सुंदर. येणारच. तुम्ही तिथे कोणतेही सहा वाढते आकडे लिहिले असतेत तरी ती सरळच आली असती. 0.40, 0.44 आणि 0.36 ही तीन वेगळी अंतरं तुम्ही कागदावर सारखी केलीत. त्या रेषेने तुमच्या प्रयोगाबद्दल काहीच सांगितलं नाही. वर कोपऱ्यात ‘स्केल’ म्हणून काहीही लिहिलं असलं तरी मी अक्षावरच्या लागोपाठच्या खुणा वाचते, तिथे हे लगेच कळतं.

अक्षांच्या नावांवर फार बोलायला नको. सर्वाधिक गुण एकाच कारणाने गेले: बिंदू T² चे आणि अक्षावर लिहिलंय ‘T (सेकंद)’. राशी T² आहे, तर युनिट सेकंद². लांबीचे आकडे 50, 60 असतील तर युनिट सेंटिमीटर, मीटर नव्हे. स्लोपचं युनिट या दोन लेबलांतूनच येतं, त्यामुळे लेबल चुकलं की स्लोपचं युनिटही चुकतं, आणि सेंटिमीटरच्या जागी मीटर लिहिलं तर शेवटचं उत्तर शंभरपटीने फिरतं.

आता बिंदू. सगळे सहा आहेत का ते मी आधी मोजते. मग सगळे तपासत नाही. रेषेपासून जो सर्वांत दूर दिसतो तो घेते आणि तक्त्याशी ताडून बघते, मग आणखी एखाद-दुसरा. एका ग्राफमध्ये दोन बिंदू रेषेबाहेर होते, 70 चा वर आणि 90 चा खाली. 70 चा तक्त्यात 2.86 आणि कागदावरही 2.86. तो रेषेवर नाही, तरी बिंदूंच्या गुणासाठी पूर्ण बरोबर. 90 चा तक्त्यात 3.63 आणि कागदावर 3.53. एक मोठा चौकोन खाली मोजला गेला. गुण तिथे गेला. तुम्हालाही हेच करता येईल. रेषा ओढण्याआधी जो बिंदू बाजूला पडलेला दिसतो तो पुन्हा मोजा. मोजणी चुकली असेल तर खोडून नीट मांडा. मोजणी बरोबर असेल तर त्याला हात लावू नका. रेषेवर ढकललेला बिंदू मला तक्त्यावरून कळतो, आणि मग रीडिंगमधली साधी चूक सोडून मला तुमच्या कामावरच शंका घ्यावी लागते.

बिंदू किती मोठा हवा? अर्ध्या छोट्या चौकोनाहून मोठा नको. बोथट पेन्सिलीचा ठिपका दोन मिलिमीटरचा झाला तर तो 3.22 ला आहे की 3.23 ला हे मी वाचू शकत नाही, आणि जे वाचता येत नाही त्याला गुण देता येत नाही. टोक केलेल्या पेन्सिलीने छोटी फुली करा, दोन रेघा जिथे छेदतात तीच जागा.

काल एका मुलीने चांगला प्रश्न विचारला: स्केल लहान घेतलं, पण त्या स्केलवर सगळे बिंदू बरोबर मांडले, तर बिंदूंचा गुण मिळतो का? मिळतो. बिंदू मी तुमच्याच स्केलवर तपासते, लहान स्केलची शिक्षा दोनदा देत नाही. आणि अर्धा कागद झाल्यावर स्केल चुकल्याचं लक्षात आलं, तर खाडाखोड करत बसू नका. हात वर करा, दुसरा ग्राफपेपर मिळतो. पहिल्यावर एक तिरपी रेघ मारा आणि दोन्ही कागद जोडा.