अ‍ॅडमिन पासवर्ड नसताना: ऑफिसच्या लॅपटॉपवर पोर्टेबल नोटपॅड++

नमस्कार मंडळी. ऑफिसने दिलेल्या लॅपटॉपवर एखादा प्रोग्रॅम टाकायला गेलं की पडदा अंधुक होतो आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड मागणारी खिडकी पुढे येते. तो पासवर्ड आपल्याकडे नसतो. बहुतेक जण इथेच थांबतात. काही जण पासवर्ड मिळवायच्या मागे लागतात, आणि ते मात्र करू नका. आज मी तिसऱ्या वाटेबद्दल बोलणार आहे, म्हणजे पोर्टेबल आवृत्तीबद्दल. सगळं विंडोजपुरतं बोलेन आणि एकच प्रोग्रॅम हातात घेईन, मजकूर उघडून बदलायला वापरतात तो नोटपॅड++.

आधी विंडोज पासवर्ड नेमका कशासाठी मागतं ते बघू. नेहमीचा इन्स्टॉलर फाइली `C:\Program Files` मध्ये ठेवतो आणि रजिस्ट्री नावाच्या विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत, `HKEY_LOCAL_MACHINE` या भागात, नोंदी करतो. काही वेळा तो मागे सतत चालणारी एखादी सर्व्हिस किंवा ड्रायव्हरही बसवतो. या जागा त्या मशीनवर लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाच्या सामाईक असतात, म्हणून तिथे लिहायला अ‍ॅडमिनचा हक्क लागतो. पण `C:\Users` च्या आत तुमच्या नावाचं जे फोल्डर आहे ते तुमचं असतं. तिथे फाइल ठेवायला आणि एरवी तिथून ती चालवायलाही कुणाचा पासवर्ड लागत नाही. पोर्टेबल प्रोग्रॅम म्हणजे एका फोल्डरमध्ये पूर्ण मावणारा, तिथूनच चालणारा आणि आपल्या सेटिंगही तिथेच ठेवणारा प्रोग्रॅम. सामाईक जागेला तो हात लावत नाही, त्यामुळे पासवर्डचा प्रश्नच येत नाही.

यावरून एक गोष्ट लगेच कळते. ज्या प्रोग्रॅमला ड्रायव्हर लागतो, तो खऱ्या अर्थाने पोर्टेबल होऊच शकत नाही. वायरशार्क हे नेटवर्क तपासायचं साधन घ्या. त्याची पोर्टेबल आवृत्ती आहे आणि ती उघडतेही. पण नेटवर्कवरची ये-जा प्रत्यक्ष पकडायला विंडोजवर एनपीकॅप नावाचा ड्रायव्हर लागतो आणि तो बसवायला अ‍ॅडमिनच हवा. तो नसेल तर आधी कुणीतरी साठवून ठेवलेली फाइल उघडून वाचता येते, तेवढंच. प्रिंटरचं सॉफ्टवेअर, व्हीपीएन, अँटीव्हायरस यांच्या पोर्टेबल आवृत्त्या शोधत बसू नका, सरळ आयटीला सांगा.

आता आपलं उदाहरण. कुठल्याशा प्रणालीतून तुम्हाला मराठी नावांची सीएसव्ही फाइल येते. तुम्ही तिच्यावर डबल-क्लिक करता, एक्सेल उघडतं आणि नावांच्या जागी `à¤®` असलं काहीतरी दिसतं. फाइल बिघडलेली नसते. यूटीएफ-8 या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत लिहिलं जातं. फाइल यूटीएफ-8 आहे हे एक्सेलला कळलं नाही की ते प्रत्येक बाइट म्हणजे एक रोमन अक्षर असं धरून चालतं. मग एका ‘म’ची तीन विचित्र चिन्हं होतात. अशी फाइल एक्सेलमधून सेव्ह मात्र करू नका, नाहीतर ती चिन्हं खरोखरच फाइलमध्ये लिहिली जातात. फाइलच्या अगदी सुरुवातीला BOM नावाची तीन बाइटांची खूण असली की एक्सेल ती ओळखतं आणि मराठी नीट दाखवतं. एखाद दुसऱ्या फाइलला विंडोजचं साधं नोटपॅडही ही खूण लावून देतं. पण फाइली बऱ्याच असल्या, मोठ्या असल्या, किंवा सगळ्या फाइलींत एकदम शोधून बदल करायचे असले की नोटपॅड++ हवंसं वाटतं.

पण डाउनलोड करण्याआधी आयटीला एक मेल करा. प्रोग्रॅमचं नाव, आवृत्ती, कुठल्या साइटवरून घेणार, काय कामासाठी हवा आणि तो पोर्टेबल असल्यामुळे काही इन्स्टॉल होणार नाही, एवढं चार ओळींत लिहा. एखादी गोष्ट पासवर्डशिवाय चालते म्हणून ती ऑफिसच्या नियमात बसतेच असं नाही. आयटीच्या बाजूने बघा. कुठल्या लॅपटॉपवर काय चालतं याची यादी त्यांना सांभाळायची असते आणि पोर्टेबल प्रोग्रॅम विंडोजच्या ‘इन्स्टॉल्ड अ‍ॅप्स’च्या यादीत दिसत नाही. लायसन्सचंही तेच. नोटपॅड++ जीपीएल या मुक्त परवान्याखाली आहे, ते ऑफिसात वापरायला हरकत नाही. पण कितीतरी प्रोग्रॅम घरच्या वापराला फुकट आणि व्यवसायासाठी विकत असतात, आणि त्याचा भुर्दंड कंपनीला पडू शकतो.

होकार आला की नोटपॅड++ च्या मूळ साइटवरूनच फाइल घ्या. सर्च इंजिनमध्ये वर दिसणाऱ्या जाहिरातींवर जाऊ नका. ओळखीच्या प्रोग्रॅमच्या नावाने बनवलेल्या खोट्या साइट हा जुना आणि अजून चालू असलेला प्रकार आहे. नेमकी फाइल कुठली तर जिच्या नावात `portable.x64.zip` आहे ती. त्याच पानावर SHA-256 चे आकडे, म्हणजे फाइलवरून काढलेला तिचा ठसा किंवा हॅश, दिलेले असतात. पॉवरशेल उघडून डाउनलोड फोल्डरमध्ये जा आणि हे टाइप करा, याला अ‍ॅडमिन लागत नाही:

```
Get-FileHash *.portable.x64.zip
```

जी लांबलचक ओळ येईल ती साइटवरच्या ओळीशी ताडून पाहा. नुसती पहिली चार अक्षरं बघून सोडून देऊ नका, पूर्ण ओळ जुळली पाहिजे. जुळली नाही तर डाउनलोड अर्धवट राहिलं असेल किंवा फाइल दुसरीच असेल. दोन्ही वेळा ती उडवायची.

जुळली, की झिपवर राइट-क्लिक करून प्रॉपर्टीज उघडा. खाली `Unblock` असा चौकोन दिसेल. इंटरनेटवरून आलेल्या फाइलवर विंडोज एक अदृश्य खूण ठेवतं आणि झिप विंडोजमधूनच सोडली की ती खूण आतल्या फाइलींवरही उतरते. मग प्रोग्रॅम सुरू करताना स्मार्टस्क्रीनची निळी खिडकी आडवी येऊ शकते. फाइलची खातरजमा झाल्यावर, झिप सोडण्याआधीच, या चौकोनात टिक करून ही खूण काढून टाकली की काम सोपं होतं. आधी खातरजमा, मग खूण काढणं. हा क्रम उलटा करायचा नाही. ऑफिसने तो चौकोनच लपवला असेल तर तो त्यांचा निर्णय आहे, तिथे विचारा.

झिप सोडायची कुठे? इथे बरेच जण फसतात. लोक फोल्डर डेस्कटॉपवर किंवा डॉक्युमेंट्समध्ये ठेवतात, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर ही दोन्ही फोल्डरं बहुतेक वेळा वनड्राइव्हला जोडलेली असतात. नोटपॅड++ चालू असताना सेटिंगच्या फाइली बदलत राहतात, वनड्राइव्ह त्या वर चढवत राहतं आणि काही दिवसांनी लॅपटॉपचं नाव शेपटीला लावलेली `config` फाइलीची दुसरी प्रत दिसायला लागते. तसं दिसलं की समजायचं, जागा चुकली. `C:\Users` मधल्या तुमच्या फोल्डरमध्येच, डॉक्युमेंट्सच्या बाहेर, `Apps` नावाचं फोल्डर करा आणि त्यात झिप सोडा. पेनड्राइव्हवर ठेवायचा मोह होतो, पण तोही नको. अलीकडे उघडलेल्या फाइलींची नावं आणि सेव्ह न केलेला मजकूर त्याच फोल्डरमध्ये राहतो. पेनड्राइव्ह हरवला की ऑफिसची माहितीही त्याच्याबरोबर जाते.

सोडलेल्या फोल्डरमध्ये `doLocalConf.xml` नावाची छोटीशी फाइल दिसेल. ती आहे म्हणून नोटपॅड++ आपल्या सेटिंग स्वतःच्या फोल्डरमध्ये ठेवतं. आवराआवर करताना कुणी ती डिलीट केली तर प्रोग्रॅम चालतो, पण सेटिंग `AppData` मध्ये लिहायला लागतो आणि तुमची आधीची मांडणी गायब झाल्यासारखी वाटते.

`notepad++.exe` वर डबल-क्लिक करा, बिघडलेली दिसणारी ती सीएसव्ही फाइल उघडा. मराठी नावं सरळ दिसतील आणि खाली उजव्या कोपऱ्यात `UTF-8` लिहिलेलं असेल. `Encoding` मेन्यूत जाऊन `Convert to UTF-8-BOM` निवडा, सेव्ह करा, बंद करा. आता तीच फाइल एक्सेलमध्ये उघडली की नावं वाचता येतील. एवढ्यासाठी हा खटाटोप.

इन्स्टॉल केलेल्या नोटपॅड++ मध्ये फाइलवर राइट-क्लिक केलं की त्याचं नाव मेन्यूत येतं, पोर्टेबलमध्ये ते आपोआप येत नाही. त्याला एक सोपा उपाय आहे. विंडोजचं बटण आणि R दाबा, `shell:sendto` लिहा आणि उघडलेल्या फोल्डरमध्ये `notepad++.exe` चा शॉर्टकट ठेवा. मग कुठल्याही फाइलवर राइट-क्लिक करून ‘सेंड टू’मधून ती थेट नोटपॅड++ मध्ये पाठवता येते. विंडोज 11 मध्ये आधी `Show more options` वर जावं लागतं.

आता, सगळं नीट करूनही `This app has been blocked by your system administrator` असं आलं तर? याचा अर्थ तुमच्या ऑफिसने अ‍ॅपलॉकर किंवा तसंच काही लावलंय. त्याच्या मूळ नियमांप्रमाणे साध्या वापरकर्त्याला फक्त विंडोजच्या आणि `Program Files` च्या फोल्डरमधले प्रोग्रॅम चालवता येतात, म्हणजे आपली `Apps` ची जागा मुळातच बाहेर पडते. लोक मग फाइलचं नाव बदलून, दुसऱ्या फोल्डरमध्ये ठेवून बघतात. तसं करू नका, अडवलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद होत असते. आयटीला तो मेसेज पाठवा आणि परवानगी मागा. एकाच प्रोग्रॅमला त्याच्या हॅशवरून मोकळीक देण्याची सोय त्यांच्याकडे असते. वर काढलेला हॅश मात्र झिपचा आहे, `notepad++.exe` चा नाही, त्यामुळे तो इथे चालत नाही.

राहिला अपडेटचा प्रश्न, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटते. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमवर आयटीची नजर असते. तुमच्या फोल्डरमधल्या प्रोग्रॅमवर तुमच्याशिवाय कुणाचीच नसते. झिपसारख्या फाइली बांधायच्या-सोडायच्या 7-झिप या प्रोग्रॅमचं उदाहरण देतो, कारण ते आपणहून अपडेट होत नाही आणि पुष्कळांकडे त्याची पोर्टेबल प्रत पडून असते. मघाशी जी इंटरनेटची खूण सांगितली, तीच 7-झिपची जुनी आवृत्ती झिपमधल्या झिपवर पुढे नेत नव्हती. हल्लेखोरांनी त्याचा फायदा घेतला. दुरुस्ती 24.09 या आवृत्तीत, नोव्हेंबर 2024 मध्ये आली. ज्यांनी जुनी प्रत तशीच ठेवली त्यांच्याकडे ते भोक आजही आहे. तेव्हा महिन्यातून एकदा नोटपॅड++ च्या `?` मेन्यूतलं `About` उघडून आवृत्तीचा आकडा साइटवरच्या आकड्याशी ताडा.

नवी आवृत्ती घेताना जुन्या फोल्डरवर ओतू नका. सेव्ह न केलेले टॅब त्याच फोल्डरमधल्या `backup` मध्ये असतात आणि `session.xml` त्यांचा पूर्ण पत्ता लक्षात ठेवते. म्हणून आधी सगळे टॅब सेव्ह करून बंद करा, नवी झिप वेगळ्या फोल्डरमध्ये सोडा, जुन्यातली `config.xml` तिथे आणा, आठवडाभर वापरा आणि मग जुनं फोल्डर काढा. ‘सेंड टू’मधला शॉर्टकट अजून जुन्याच जागेकडे बोट दाखवत असेल, तोही बदलून घ्या.