अकरावीच्या फॉर्मवरची द्वितीय भाषा

श्रोतेहो, नमस्कार.

दहावीचा निकाल लागला की आपल्या खान्देशात एक प्रश्न हमखास येतो. सुरतेला कापडाच्या कारखान्यात राबणारी कुटुंबं गावी परततात, रेल्वेतली माणसं बदलीवर भुसावळला येतात. मुलगा गुजरात बोर्डातून किंवा सीबीएसईतून दहावी झालेला असतो. दहावीला त्याला मराठी नव्हतं, मग अकरावीत त्याला मराठी घ्यावंच लागेल का? वडील विचारतात, "सर, याला भाषेची सूट मिळेल का?"

मी बरीच वर्षं ज्युनिअर कॉलेजात अकरावीचे प्रवेश पाहिले. म्हणून ठामपणे सांगतो, या मुलाला सूट मागायची गरजच नाही. मराठी सक्तीचा कायदा २०२० सालचा. तो राज्यातल्या सगळ्या बोर्डांच्या शाळांना लागू आहे, पण पहिली ते दहावीपर्यंतच. अकरावी-बारावीला आपल्या बोर्डात इंग्रजी सक्तीची असते. तिच्या जोडीला दुसरी एक भाषा घ्यायची असते, ती मराठीच असावी असं बंधन नाही. हिंदी, संस्कृत, उर्दू, गुजराती यांपैकी कुठलीही चालते. भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान, म्हणजे आयटी, हा विषयही घेता येतो.

मग अडतं कुठे? कॉलेजात.

शहादा भागातलं एक कुटुंब मला आठवतं. मुलगा सुरतेत गुजराती माध्यमातून शिकलेला, आणि त्याला घ्यायचं होतं सायन्स. घरात अहिराणी. आई म्हणाली, "पोऱ्याले मराठी समजस, लिखता येत नही." ते खरंच होतं. गुजराती लिपीला शिरोरेघ नसते. त्याला शाळेत हिंदी होती म्हणून देवनागरी वाचता यायची, पण मराठीतले ऱ्हस्व-दीर्घ आणि 'ळ', 'ण' असलेले शब्द लिहिताना तो अडखळायचा. फॉर्म भरताना खिडकीवरच्या माणसाने विचारलंच नाही, सगळ्यांचं मराठी टाकलं तसं याचंही टाकलं. कुणी पाहिलं नाही. पहिल्या घटक चाचणीत पंचवीसपैकी सहा गुण आले, तेव्हा वडील माझ्याकडे आले.

मी त्यांना आधी विचारलं, कॉलेजात हिंदीचे शिक्षक आहेत का? कारण बोर्ड जो विषय चालवतं तो प्रत्येक कॉलेजात मिळतोच असं नाही. गुजराती बोर्डाच्या यादीत आहे, पण शिकवणारं कॉलेज जवळपास सापडायला हवं. आयटीचंही तसंच, कॉलेजला त्या विषयाची मान्यता लागते. त्या कॉलेजात हिंदी होती. मुलाने प्राचार्यांच्या नावे विषयबदलाचा साधा अर्ज दिला, दहावीची गुणपत्रिका जोडली, आणि काम झालं. वर्ष नुकतंच सुरू झालं होतं म्हणून ते सोपं गेलं. अकरावीत जी भाषा घेतली तीच पुढे बारावीला चालवायची असते. हाच मुलगा बारावीच्या डिसेंबरात आला असता, तर माझ्या हातात काही नव्हतं.

भाषेचा पेपर ८० गुणांचा लेखी आणि २० गुणांची तोंडी, आणि पास व्हायला शंभरातले ३५ लागतात. फिजिक्सला नव्वद मिळाले तरी भाषेत नापास झालेला मुलगा बारावी पास होत नाही. प्रवेश परीक्षेत ही भाषा कुणी विचारत नाही, म्हणून घरात तिच्याकडे दुर्लक्ष होतं. मला याची फार काळजी वाटते, कारण अशी मुलं मी डोळ्यांनी पाहिली आहेत.

आता त्या 'सूट' शब्दाबद्दल. लोक दोन गोष्टी ऐकून गोंधळतात. पहिली, अपंगत्व किंवा अध्ययन अक्षमता असलेल्या विद्यार्थ्यांची भाषेची सवलत. तिला वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं, परराज्यातून आल्याने ती मिळत नाही. दुसरी, एप्रिल २०२३ चा शासन निर्णय. कोरोनामुळे मराठीचं शिक्षण मागे पडलं, म्हणून इतर बोर्डांच्या शाळांत तेव्हा आठवीत असलेल्या तुकडीला दहावीपर्यंत मराठीत गुणांऐवजी श्रेणी देण्याची मुभा दिली. ती एका तुकडीपुरती होती. तिच्या भरवशावर आज सातवी-आठवीतल्या मुलाचं मराठी सोडून देऊ नका.

भाषेचं मिटलं तरी त्या शहाद्याच्या मुलाचं एक काम बाकी होतं. महाराष्ट्राबाहेरच्या बोर्डातून आलेल्याला आपल्या बोर्डाचं पात्रता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी मूळ बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट. खान्देशातले तिन्ही जिल्हे नाशिक विभागीय मंडळाखाली येतात. मायग्रेशन आणायला वडिलांना पुन्हा गुजरातेत जावं लागलं, दोन दिवसांची मजुरी बुडाली. दाखला काढायला गेले होते तेव्हाच शाळेत विचारलं असतं, तर तो फेरा वाचला असता.