पाव फेरा मागे

हे माझ्या हातात आहे ते अर्ध्या इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपचं निपल, दोन्ही टोकांना आटे असलेला आखूड तुकडा, आणि हा त्यावर बसणारा काटकोनी एल्बो. मागच्या रांगेपर्यंत फिरवा, म्हणजे मी काय बोलतोय ते बोटांना कळेल. निपलवर एल्बो हाताने फिरवून बघा. सुरुवातीचे तीन-चार आटे सहज जातील, मग तो अडेल. अडतो, कारण हे आटे सरळ नाहीत, उतरते आहेत. आट्यांच्या लांबीवर दर 16 मिलिमीटरला व्यास 1 मिलिमीटरने बदलतो. डोळ्यांना हा उतार जाणवत नाही, पण सगळी पकड तिथेच आहे. पाचर ठोकावी तसा पाइप एल्बोत घुसत जातो आणि लोखंड लोखंडावर दाबलं जातं.

मग पाणी का झिरपतं? एवढा दाब असूनही आट्याचा माथा आणि समोरच्या आट्याची खाच एकमेकांत तंतोतंत बसत नाहीत. आटे कापणाऱ्या डायची धार बोथट झालेली असते, वर जस्ताचा थर चढलेला असतो, कुठे कीस अडकलेला असतो. त्यामुळे आत एक बारीक वाट उरते, आणि ती सरळ नाही, जिन्यासारखी गोल गोल फिरत बाहेर येते. पाणी या जिन्यावरून येतं. टेफ्लॉनची टेप, सूत, पेस्ट, जे काही आपण लावतो ते ही वाट बुजवण्यासाठी. धरून ठेवायचं काम आट्यांचंच. टेप जास्त गुंडाळली की सांधा मजबूत होतो, हा समज घेऊन आलेला विद्यार्थी तीस वर्षांत एकदाही चुकला नाही. दरवर्षी एक तरी असायचाच.

आता एक प्रत्यक्ष घडलेली गोष्ट. माझ्या भाचीचं घर चार मजली जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. स्वयंपाकघरातला गंजलेला जीआय पाइप तिने प्लंबरांकडून बदलून घेतला. दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला, "मामा, एल्बोला घाम फुटलाय." मिनिटाला साधारण एक थेंब. वीस थेंबांचं एक मिलिलिटर धरलं तर दिवसाचे सत्तरेक मिलिलिटर, म्हणजे अर्धी वाटी. ऐकायला काहीच नाही, पण खालचं प्लायवूड फुगायला पुरेसं. गच्चीवरची टाकी त्या एल्बोपासून आठ-नऊ मीटर वर होती, म्हणजे चौरस सेंटिमीटरला जेमतेम पाऊण-एक किलो दाब. पंप नाही, काही नाही. तरीही पाझर.

मी गेलो आणि आधी पाना बाजूला ठेवला. सगळा एल्बो फडक्याने कोरडा पुसला, त्याच्या दोन्ही तोंडांभोवती टिश्यू पेपरच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि चहा घेतला. पाणी ओघळून खाली जातं, थेंब सर्वांत खालच्या कडेला लोंबतो, आणि माणसं त्या कडेलाच दोष देतात. खरी जागा शोधायची तर सर्वांत वरची ओली जागा पाहायची. चहा संपेपर्यंत वरची पट्टी ओली झाली होती, खालची कोरडी. म्हणजे उभ्या पाइपचा सांधा. पाइप गार असल्यामुळे हवेतल्या दमटपणाचं पाणी बाहेरून साचतं, तेव्हा सगळा पाइप सारखाच ओला होतो. इथे तसं नव्हतं.

मग मी भाचीला विचारलं, "त्यांनी एल्बो घट्ट करून पुन्हा जरा उलटा फिरवला होता का?" ती म्हणाली, "हो, तोंड भिंतीकडे वळलं होतं ना, म्हणून सरळ केलं." झालं, तिथेच कारण सापडलं.

हा हिशोब जरा सावकाश बघू या. अर्ध्या इंची पाइपवर इंचाला 14 आटे असतात, म्हणजे एका फेऱ्याला सांधा 1.8 मिलिमीटर पुढे जातो. पाव फेरा मागे घेतला की साधारण 0.45 मिलिमीटर मागे येतो. उतार सोळास एक, तेव्हा त्या जागी व्यासात 0.45 भागिले 16, म्हणजे 0.028 मिलिमीटर सैलपणा येतो. डोक्याचा केस साधारण 0.07 मिलिमीटर जाड धरा, म्हणजे हे केसाच्या निम्म्याहूनही कमी. पाण्याला तेवढं पुरतं. टेप रबरासारखी असती तर ती फुगून जागा भरून निघाली असती. पण टेफ्लॉन एकदा दाबलं की दबलेलंच राहतं, उसळी घेत नाही. पुढे घट्ट करताना ते आट्यांत चिकटून दाबलं गेलं, मागे घेतल्यावर तिथे एक पोकळ वाट तयार झाली, आणि ती वाट कोणीही पुन्हा बुजवणार नव्हतं.

सांधा उघडला तेव्हा दुसरीही चूक दिसली. टेप आट्यांत बसलेली नव्हती, एल्बोच्या तोंडाशी दोरीसारखी गोळा झाली होती. म्हणजे उलटी गुंडाळली होती. पाइपचं तोंड आपल्याकडे करा आणि टेप घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने गुंडाळा. एल्बो चढवतानाही तो त्याच दिशेने फिरतो, म्हणून टेपचं मोकळं टोक ओढून अधिक घट्ट होतं. उलटी गुंडाळलीत तर एल्बोचा आटा त्या टोकाखाली घुसतो आणि सगळी टेप सोलून बाहेर ढकलतो. सांध्याच्या तोंडाशी पांढरा फुगवटा दिसला की आधी हाच संशय घ्यावा.

पुन्हा जोडताना काय केलं ते सांगतो. पाणी बंद केलं, आटे पोलादी ब्रशने घासून जुन्या टेपचा एकेक धागा काढला, एल्बोचे आतले आटेही. डायवर लावलेलं तेल फडक्याने पुसलं. मग टेप. पहिला आटा, म्हणजे अगदी तोंडाजवळचा, मोकळा सोडला. तो झाकला तर टेपची झालर आत लोंबते, तुटते आणि पुढच्या नळाच्या जाळीत किंवा वॉशरखाली जाऊन बसते. तिथून पुढे टेप ताणून, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा येईल असे सात वेढे घेतले. ही बाजारातली साधी पातळ टेप. अर्ध्या इंची आट्यांचा परीघ साडेसहा सेंटिमीटर, सात वेढ्यांना सेहेचाळीस सेंटिमीटर, म्हणजे बरोबर हातभर टेप लागते. जाड टेप घेतली तर तीन-चार वेढे पुरतात. शेवटी अंगठ्याने दाबून चोळायची. आट्यांचे माथे टेपमधून दिसायला लागले की ती खाचेत बसली असं समजायचं.

एल्बो हाताने चढवला, अडला तिथून पाइप पान्याने दीड फेरा दिला. तोंड पुन्हा भिंतीकडेच राहिलं, सरळ यायला अजून पाऊण फेरा हवा होता. तो पुढेच दिला. मागे घ्यायचा मोह होतो, कारण पुढे जोर लागतो आणि मागे सहज येतं. पुढे जायला जागाच नसेल तर सांधा उघडायचा, साफ करायचा आणि एक-दोन वेढे जास्त घेऊन पुन्हा बसवायचा, म्हणजे तो थोडा आधी घट्ट होतो. वेढा कमी केलात तर थोडा उशिरा. तोंड कुठे थांबेल हे वेढ्यांवरून ठरवता येतं. ही युक्ती मला कुठल्या पुस्तकात मिळाली नाही, एका वयस्कर फिटरनं शिकवली. इतरांना जिथे तासभर ठोकाठोक करावी लागायची, तिथे तो काम संपवून बिडी ओढायला मोकळा व्हायचा.

त्या फिटरच्या तरुणपणी टेप नव्हती. शेंदूर, सफेदा, जवसाचं तेल आणि ताग. टेफ्लॉन हा पदार्थच 1938 मध्ये सापडला, आणि तो आपल्या नळांपर्यंत यायला आणखी वेळ गेला. ताग वाईट नव्हता. तंतू पाणी पितो आणि फुगतो, म्हणून सांधा जरासा मागे घेतला तरी तो स्वतःच पाझर बंद करू शकतो. टेपला हे जमत नाही. पण तंतू धरण्यासाठी आटे खरखरीत हवेत, म्हणून जुने लोक आट्यांवर करवतीच्या पात्याने ओरखडे काढायचे. शेंदूर आणि सफेदा मात्र शिशाचे. पिण्याच्या पाण्याच्या पाइपला ते लावू नका, घरी जुना डबा पडला असेल तरी. आता शिसं नसलेली पेस्ट मिळते. ओबडधोबड जीआय आट्यांवर टेप गुंडाळून वर तिचा पातळ हात दिला तरी चालतं.

कुणी विचारलं म्हणून बाटलीतल्या चिकट सीलंटबद्दल बोलतो. हवा नसलेल्या जागी, धातूचा स्पर्श मिळाला की तो घट्ट होतो. या दोन्ही अटी लक्षात ठेवा. आधी टेप गुंडाळून वर हा लावलात तर धातू झाकला जातो आणि द्रव तसाच ओला राहतो. पितळ, लोखंड यांना तो चांगला, फक्त आटे तेलकट नसावेत आणि घट्ट व्हायला वेळ द्यावा, पूर्ण घट्ट व्हायला बहुधा दिवसभर. सीपीव्हीसीच्या प्लास्टिक आट्यांना मात्र तो लावू नका. काही रसायनांनी प्लास्टिकला महिन्या-दोन महिन्यांनी बारीक तडे जातात, आणि तेव्हा माणूस सीलंट विसरलेला असतो. प्लास्टिकला टेपच लावा, आणि हाताने अडल्यानंतर एखादाच फेरा द्या. मादी, म्हणजे आतल्या बाजूचे आटे प्लास्टिकचे असतील तर जास्त टेप म्हणजे आत पाचर ठोकणं, ते चिरतात.

बाहेरून पुट्टी लावण्याबद्दल काय सांगू! पाणी आतून ढकलतं, पुट्टी बाहेरून चिकटते. ओल्या लोखंडावर साधी पुट्टी धरतही नाही. जुन्या जीआय सांध्याचा बारीक पाझर कधी कधी गंजाने आपोआप बंद होतो, हे खरं. पितळेवर तसं होत नाही, तिथे हिरवी किंवा पांढरी रेघ उमटत राहते.

भाचीकडे परत येऊ. पाणी सोडलं, नवी टिश्यू पट्टी गुंडाळली, अर्धा तास कोरडी राहिली. निघताना ती म्हणाली, "मामा, सिंकखालचा तो लवचिक पाइपही ओला असतो, त्यांनी तिथे टेप भरपूर लावली आहे." बघितलं तर नटाबाहेर टेपची माळ. तिथले आटे सरळ असतात, पाणी रोखतं नटाच्या आतलं रबरी वॉशर. टेपच्या जाडीमुळे नट आधीच अडला होता आणि वॉशर दाबलंच गेलं नव्हतं. टेप काढून टाकली, चिरलेलं वॉशर बदललं, नट हाताने घट्ट केला आणि पान्याने पाव फेरा दिला. पुढे.