मोजलेले कण, निसटलेले कण

[पडदा काळा. मधूनच बारीक ठिपके चमकून विझतात.]

१९१० साली अर्नेस्ट रदरफोर्ड आणि हान्स गायगर यांनी पोलोनियममधून निघणारे आल्फा कण मोजले. झिंक सल्फाइडच्या पडद्यावर कण आदळला की बारीकशी चमक उठते. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून त्या चमका टिपायच्या, एवढंच काम. नोंदींचा सगळा वेळ त्यांनी साडेसात सेकंदांच्या २६०८ तुकड्यांत विभागला. एका तुकड्यात सरासरी ३.८७ चमका आल्या. ज्यांत एकही चमक नाही असे तुकडे निघाले ५७. एकमेकांशी संबंध नसलेल्या, ठरावीक सरासरी दराने घडणाऱ्या घटनांची मोजणी कशी पसरेल हे प्वासाँचं सूत्र सांगतं. त्यानुसार ते ५४ च्या आसपास यायला हवे होते.

आता एक शंका. मोजणाऱ्याच्या नजरेतून काही कण निसटणारच. मग उरलेल्यांची मोजणी प्वासाँचा नियम का पाळते? आणि मोजलेल्या कणांवरून निसटलेल्यांबद्दल काही सांगता येतं का?

[पडद्यावर आडवी काळरेषा. तिच्यावर गडद आणि फिके ठिपके.]

उत्तर काढायला सोपे आकडे घेऊ. कण मिनिटाला सरासरी १२ या दराने येतात आणि यंत्र दर चार कणांतला सरासरी एक पकडतं. ‘सरासरी’ हा शब्द इथे महत्त्वाचा आहे. प्रत्येक कणासाठी जणू वेगळी सोडत निघते: पकडला जाण्याची संभाव्यता एक चतुर्थांश, आणि आधीच्या कणाचं काय झालं याच्याशी तिचा संबंध नाही. असं असेल तर मूळ प्रवाहाचे दोन प्रवाह होतात. नोंदलेल्या कणांचा दर मिनिटाला ३, निसटलेल्यांचा ९. दोन्ही प्वासाँ, आणि दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र.

आधी प्रतीक्षेचा काळ पाहू. नोंदींचा दर मिनिटाला ३, म्हणजे दोन नोंदींमधलं अंतर सरासरी २० सेकंद. पूर्ण मिनिटभर एकही नोंद न होण्याची संभाव्यता e^(-3), म्हणजे जवळपास ०.०५. मिनिटभर काहीच आलं नाही, तरी पुढच्या नोंदीसाठी सरासरी थांबायचं ते २० सेकंदच. ‘आता तर यायलाच हवी’ हा अंदाज इथे चालत नाही.

तिसऱ्या नोंदीला एक मिनिटाहून जास्त वेळ लागेल, याची संभाव्यता किती? इथे बरेच जण लगेच संकलनाला, म्हणजे इंटिग्रेशनला, हात घालतात. त्याची गरज नसते. तिसरी नोंद मिनिटात झाली नाही, याचाच अर्थ मिनिटात शून्य, एक किंवा दोन नोंदी झाल्या. तिन्ही शक्यतांची बेरीज करायची: e^(-3) गुणिले (१ + ३ + ४.५). उत्तर ०.४२. प्रतीक्षेचा प्रश्न मोजणीच्या भाषेत मांडला की निम्मं काम होतं.

[रेषेवरच्या एका मिनिटावर चौकट. आत पाच गडद ठिपके. फिके ठिपके झाकलेले.]

आता विभागणीकडे. एका मिनिटात यंत्राने ५ कण नोंदले. प्रत्यक्षात एकूण किती आले असतील? चारांतला एक पकडला जातो, म्हणून ५ गुणिले ४, वीस. हे उत्तर इतकं सहज सुचतं की त्यावर कुणी थांबून विचार करत नाही. पण ते चूक आहे. निसटलेल्या कणांचा प्रवाह नोंदलेल्यांपासून स्वतंत्र आहे. नोंदी पाच झाल्या काय किंवा एकही झाली नाही काय, निसटलेले सरासरी ९ च राहतात. म्हणून एकूण कणांचा अपेक्षित आकडा ५ अधिक ९, चौदा.

वीस हे उत्तर येतं कुठून? प्रश्न उलटा वाचल्यामुळे. एकूण २० कण आले हे आधी माहीत असेल, तर नोंदींची संख्या द्विपद वितरणाने ठरते: २० प्रयत्न, संभाव्यता एक चतुर्थांश, सरासरी पाच. एकूण संख्या पक्की झाली की दोन्ही गटांचं स्वातंत्र्य संपतं, कारण एकात वाढ झाली की दुसऱ्यात घट होणारच. तेव्हा गणित सुरू करण्याआधी पाहायचं की दिलेली गोष्ट कोणती: एका गटाची संख्या की एकूण संख्या? अर्थात, चौदा हे उत्तर १२ चा दर आधीच माहीत असल्यामुळे येतं. दर अज्ञात असेल आणि तोच शोधायचा असेल, तर ५ ला ४ ने गुणणं हा रास्त अंदाज ठरतो. तो प्रश्नच वेगळा.

[चौकट दोन मिनिटांची होते. आत चार गडद ठिपके.]

ठरावीक मुदतीतल्या मोजणीची अट दिली की आणखी एक गंमत दिसते. दोन मिनिटांत ४ नोंदी झाल्या, एवढंच आपल्याला कळलं. त्यांतली नेमकी एक पहिल्या ३० सेकंदांत झाली असण्याची संभाव्यता किती? अट लागली की या चार नोंदींच्या वेळा दोन मिनिटांत कुठेही, सारख्याच शक्यतेने पडतात. अर्धं मिनिट म्हणजे मुदतीचा चौथा भाग. म्हणून पुन्हा द्विपद: ४ गुणिले १/४ गुणिले ३/४ चा घन, म्हणजे २७/६४, साधारण ०.४२. दराचा आकडा कुठेच लागला नाही. तो छेदातून आणि अंशातून कटून जातो. पहिली नोंद सरासरी कधी? चार बिंदू रेषेचे सरासरी पाच समान भाग करतात, म्हणून १२० भागिले ५, चोवीस सेकंदांनी. अट नसती तर २०.

मुदत मात्र आधी ठरलेली हवी. ‘चौथी नोंद झाली की थांबा’ असं म्हणून मोजलं आणि ती बरोबर दोन मिनिटांनी झाली, तर चौथा बिंदू टोकालाच अडकलेला असतो. मोकळे उरतात फक्त पहिले तीन. मग तीच संभाव्यता ३ गुणिले १/४ गुणिले ९/१६, पुन्हा २७/६४. योगायोगाने आकडा तोच आला, म्हणून फसू नका. पहिल्या नोंदीची सरासरी वेळ आता १२० भागिले ४, म्हणजे ३० सेकंद होते.

[ठिपके दाट होत जातात.]

हे सगळं सोडतीच्या स्वातंत्र्यावर उभं आहे. समजा यंत्र एकाआड एक कण घेतं. मिनिटाला ६ हा दर बरोबर येतो, पण प्रवाह प्वासाँ नाही. दोन नोंदींत एक सेकंदाहून कमी अंतर असण्याची संभाव्यता खऱ्या प्वासाँ प्रवाहात ०.०९५ असती, इथे ती ०.०१८ वर येते, कारण मध्ये एक कण जाऊ द्यावा लागतो.

गायगर काउंटरमध्ये असाच बिघाड आपोआप होतो. एक कण टिपल्यावर नळी क्षणभर आंधळी असते, समजा १०० मायक्रोसेकंद. मिनिटाला १२ कणांसाठी हे नगण्य. पण सेकंदाला १००० कण येत असतील, तर नोंदी १००० भागिले १.१, म्हणजे सुमारे ९०९ च होतात, आणि निसटणारा कण आधीच्या नोंदीवर अवलंबून राहतो. निव्वळ दर पाहून हे कळत नाही. त्यासाठी एकेक सेकंदाच्या अनेक मोजण्या घेऊन त्यांचं विचरण, म्हणजे सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, काढायचं. प्वासाँ प्रवाहात ते सरासरीइतकंच येतं. इथे सरासरी ९०९ असताना विचरण ७५० च्या आसपास उतरतं. दर हळूहळू बदलत असेल, तर उलट विचरण सरासरीच्या वर जातं.