चौरस फुटाचा दर कसा काढायचा?

श्रोतेहो, नमस्कार. जमल्यास कागद-पेन्सिल जवळ घ्या. घराच्या सखोल सफाईचा, म्हणजे डीप क्लीनिंगचा, व्यवसाय करणाऱ्यांना पहिल्याच फोनवर विचारलं जातं, "चौरस फुटाला किती घेता?" बहुतेक जण शेजारच्या व्यावसायिकाचा दर सांगून मोकळे होतात. पण खर्च चौरस फुटावर होत नाही, तो माणसांच्या तासांवर होतो. म्हणून आधी दिवसाचा खर्च काढायचा, आणि दर अगदी शेवटी.

एका कामगाराची दिवसाची मजुरी 100 धरू. तुमच्याकडे जी असेल, त्या प्रमाणात पुढचे आकडे बदलून घ्या. चार जणांची टीम आहे, पगार ठरलेला, महिन्याला 26 दिवसांचा. म्हणजे मजुरी झाली 10,400. फरशी घासायचं मशीन, ओलं-कोरडं दोन्ही ओढणारा व्हॅक्यूम, स्टीम क्लीनर आणि शिड्या मिळून खरेदी 18,000 ची. ती तीन वर्षांत वसूल करायची, तर महिन्याला 500. पाइप, ब्रश, फिल्टर बदलायला आणखी 100. फोन, विमा, गोदाम, जाहिरात यांचे 1,000. एकूण 12,000. काम मिळो न मिळो, हे महिन्याला जाणारच.

आता 12,000 ला कशाने भागायचं? इथेच बहुतेकांचा घोळ होतो. पगार 26 दिवसांचा म्हणून 26 ने भागतात आणि दिवसाचा खर्च 462 काढतात. पण कामं लागतात साधारण 20 दिवस. उरलेल्या सहा दिवसांचा पगार त्या वीस दिवसांनीच कमवायचा असतो. म्हणून खरा खर्च 600. हा 20 चा आकडा अंदाजाने लिहू नका, गेल्या सहा महिन्यांच्या वहीतून काढा.

आता घर घेऊ. चटई क्षेत्र 800 चौरस फूट, एक स्वयंपाकघर, दोन बाथरूम. स्वयंपाकघराला सहा माणूस-तास धरू, प्रत्येक बाथरूमला अडीच, आणि बाकीच्या फरशा, खिडक्या, पंखे, कपाटं यांना नऊ. बेरीज 20. चार माणसं प्रवास, सामानाची चढ-उतार आणि जेवण वगळून जागेवर सहा तास काम करतात, म्हणजे हाताशी 24 माणूस-तास. चार तास उरतात खरे, पण तेवढ्यात दुसरं घर होत नाही. त्यामुळे या घराच्या नावावर पूर्ण दिवस, म्हणजे 600 पडतात. तेलकटपणा काढणारं रसायन, क्षार काढणारं आम्ल, पॅड, कपडे यांचे 40 आणि गाडीचे 30 मिळवले की 670.

नफा विक्रीच्या 20 टक्के हवा असेल, तर 670 मध्ये 20 टक्के मिळवून भागत नाही. 670 ला 0.8 ने भागायचं. उत्तर येतं साधारण 838. त्याला 800 ने भागलं की दर झाला 1.05.

ज्याने 26 ने भागलं होतं, त्याचं काय झालं बघा. 462 अधिक 70 म्हणजे 532. 0.8 ने भागून 665. त्याच्या मते यात 20 टक्के नफा आहे. प्रत्यक्ष खर्च मात्र 670. महिनाभर टीम राबते, ग्राहक खूश असतात आणि तरी पगाराच्या दिवशी पैसे कमी पडतात, त्याचं कारण बऱ्याचदा हेच.

हाच 1.05 चा दर 400 चौरस फुटांच्या घराला लावला तर? मिळतील 420. घर निम्मं झालं, पण स्वयंपाकघराचे सहा तास निम्मे झाले नाहीत. त्यात एका बाथरूमचे अडीच आणि उरलेल्या घराचे साडेचार मिळवले की 13 माणूस-तास होतात. अशी दोन घरं केली तर 26, म्हणजे एका दिवसात बसत नाहीत. चौघांचा पूर्ण दिवस गेला तर 420 मध्ये खर्चही निघत नाही. त्यामुळे छोट्या घरांना चौरस फुटाचा दर सांगूच नये, किमान रक्कम सांगावी. दोघांनाच पाठवून उरलेल्या दोघांना दुसऱ्या घरी धाडणं हाही मार्ग आहे, पण त्याला मशीनचा दुसरा संच लागतो आणि दिवस अर्ध्या तासाने लांबतो.

मोठ्या घरात उलट होतं. स्वयंपाकघराचा भार जास्त फुटांवर पसरतो, म्हणून दर थोडा उतरवता येतो. मात्र काम दुसऱ्या दिवसावर सांडलं, तर तो दिवसही हिशेबात धरा.

आणि घराची अवस्था? वर्षानुवर्षांचा तेलकट थर किंवा नळावरचा क्षार यावर रसायनाला मुरायला वेळ द्यावा लागतो, माणसं वाढवून तो वेळ कमी होत नाही. स्वयंपाकघर सहाऐवजी दहा तास खाऊ लागलं, की आपले उरलेले चार तास तिथेच संपतात. त्यापुढचा प्रत्येक तास जादा मजुरीचा. म्हणून दर सांगण्याआधी शेगडीमागची भिंत, चिमणीची जाळी आणि बाथरूमचा नळ, या तिन्हींचे जवळून काढलेले फोटो मागवून घ्या.