निऑन पाटीवरची वेलांटी सुधारताना भिंतीवरचा उजेड पुन्हा कसा उभारावा

नमस्कार. आज आपण एका खानावळीच्या पाटीचे छायाचित्र फोटोशॉपमध्ये दुरुस्त करणार आहोत. विटांच्या भिंतीवर गुलाबी एलईडी निऑन पट्टीने ‘स्वादीष्ट’ असे लिहिले आहे, तिथे पहिली वेलांटी हवी होती. पाटीखाली काळ्या ग्रॅनाइटचा ओटा असून अक्षरांचे प्रतिबिंब त्यात पडले आहे. पाटी प्रत्यक्षात बदलली जाणारच आहे, पण मेनूकार्ड त्याआधी छापायचे आहे.

अक्षर बदलणे हा या कामाचा सोपा भाग आहे. शिरोरेषेला हात लावावा लागत नाही. ‘द’ थोडा उजवीकडे सरकतो, त्याच्या डावीकडे नवा दंड येतो आणि दुसऱ्या वेलांटीची कमान आडवी उलटवली की पहिलीची कमान मिळते. मात्र हे तुकडे कापून चिकटवू नका, कारण त्यांच्यासोबत जुन्या जागेचा उजेडही येतो. त्यांच्यावरून पेन टूलने फक्त मार्ग आखून घ्या आणि पट्टीची जाडी शेजारच्या ‘वा’च्या कान्यावरून मोजा.

आता जुने अक्षर पुसू. शेजारच्या विटा क्लोन केल्या, तर तिथला कमीअधिक उजेडही सोबत येतो आणि भिंतीवर ठिगळ दिसते. म्हणून छायाचित्राचे दोन थर करा: एकात विटांचा बारीक पोत आणि दुसऱ्यात केवळ धूसर उजेड. पोत क्लोनने भरा. उजेडाच्या थरावर जुन्या दंडामागचा गुलाबी डाग मऊ ब्रशने आजूबाजूच्या पातळीला आणा. हे सारे १६ बिटमध्ये करावे. विटांवरचा उजेड शक्य तितका सपाट केलेली एक प्रतही बाजूला ठेवा; ती पुढे लागेल.

यानंतर फाइल `32 Bits/Channel` मध्ये न्या. इथे प्रकाशाची बेरीज खऱ्या प्रकाशासारखी होते आणि पांढऱ्याहून तेजस्वी रंगही वापरता येतो. पट्टीचा गाभा पांढरा रंगवायचा नाही. गुलाबीच रंग घेऊन त्याची `Intensity` दोन-तीन स्टॉपने वाढवायची. गाभा आपोआप पांढुरका होतो आणि कडेला रंग उरतो, कारण कॅमेऱ्यातही नेमके हेच घडलेले असते. फक्त त्या गुलाबीत हिरव्याचा थोडा अंश असू द्या, नाहीतर तो कितीही तेजस्वी केला तरी पांढरा होणार नाही.

इथून पुढे दोन उजेड वेगळे ठेवायचे आहेत, आणि बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात. पट्टीभोवतीचे वलय भिंगात तयार होते. त्याला विटांचा पोत नसतो आणि ते पाटीसमोरच्या तारेवरही पसरते. त्यासाठी गाभ्याची प्रत धूसर करून `Linear Dodge (Add)` मध्ये सर्वांत वर ठेवा. भिंतीवरचा उजेड मात्र विटेच्या रंगाने गुणला जातो. म्हणून ती सपाट प्रत घ्या, तिच्यावर प्रकाशाचा थर `Multiply` मध्ये क्लिप करा आणि ती प्रत मूळ भिंतीवर `Linear Dodge (Add)` ने मिळवा.

हा उजेड किती पसरवायचा, हे पट्टी आणि भिंत यांच्यातील अंतरावर ठरते. आपली पट्टी गोल, सर्व बाजूंनी उजळणारी आणि भिंतीपासून ३ सेंटिमीटर पुढे आहे. (पाठीमागून बंद असलेली पट्टी भिंतीवर फारसा उजेड टाकत नाही, आधी ते पाहून घ्या.) ८ मिलिमीटरची पट्टी चित्रात १६ पिक्सेल दिसते, म्हणजे ३ सेंटिमीटरचे ६० पिक्सेल झाले. लांब दंडाच्या अगदी मागे उजेड सर्वाधिक असतो. बाजूला ६० पिक्सेलवर तो निम्मा, १२० वर एक-पंचमांश आणि १८० वर एक-दशांश उरतो. एकाच गॉसियन ब्लरने ही शेपटी साधत नाही, कारण तो कडेला फार लवकर विझतो. एक अरुंद आणि एक बराच रुंद असे दोन थर मिळवावे लागतात. मग विटांमधल्या उभ्या खाचा पाहा: पट्टीकडची कड अंधारात राहते आणि पलीकडची उजळते. नव्या दंडाजवळच्या दोन-तीन खाचांत एवढे हाताने रंगवले तरी पुरते.

ओट्यावरचे प्रतिबिंब विसरू नका, कारण तिथे जुनी वेलांटी अजून उलटी उभी आहे. तिथलाही दंड पुसून, नवा गाभा उभा उलटवून शेजारच्या अक्षरांच्या प्रतिबिंबाइतका मंद आणि धूसर करा.

शेवटी १६ बिटवर परत येताना `Exposure and Gamma` हा पर्याय निवडून त्यातील आकडे ० आणि १ ठेवा. तपासणी यानंतरच करावी, कारण ३२ बिटमध्ये नवे अक्षर जुन्यांपेक्षा तेजस्वीच राहते. वर `Exposure` चा तात्पुरता थर घालून चित्र तीन स्टॉप गडद केले की सगळे गाभे सारख्याच राखाडी पातळीला उतरले पाहिजेत. मग तेच तीन स्टॉप उजळ करा आणि जुन्या दंडाच्या जागी पाहा: तिथे गुलाबी पट्टा उरलेला दिसला, तर उजेडाच्या थरावरची सफाई अपुरी आहे.