संकट खरं, पण खातं कोणाचं?

श्रोतेहो, नमस्कार.

ऑगस्ट 2018 मध्ये केरळात महापूर आला. तिथल्या मुख्यमंत्र्यांच्या मदत निधीत यूपीआयने पैसे भरण्याची सोय होती आणि तिचा पत्ता होता keralacmdrf@sbi. लगेचच आणखी एक पत्ता फिरायला लागला, kerelacmdrf@sbi. ऐकताना फरक कळणार नाही, म्हणून फोड करून सांगतो. खऱ्या पत्त्यात 'आर'नंतर 'ए' होता आणि खोट्यात त्या जागी 'ई'. बाकी सगळं अक्षर न् अक्षर तेच. पूर खरा, निधी खरा, लोकांचे हालही खरे. फक्त खातं भलत्याच माणसाचं.

आजचं सगळं बोलणं या खात्याभोवतीच आहे. एखादं आवाहन आलं की आपण बातमी तपासतो, फोटो तपासतो, आणि ते खरे निघाले की निर्धास्त होतो. पण बातमी खरी ठरली तरी खातं तपासायचं उरलेलंच असतं.

माझ्या आत्याची गोष्ट सांगतो. आत्याने सगळी नोकरी बँकेत केली. निवृत्त झाली तरी कुठलाही कागद हातात आला की ती आधी तारीख बघते. तिच्या एका ग्रुपवर एका लहान मुलाच्या बोन मॅरो प्रत्यारोपणासाठी मदतीचं आवाहन आलं. मुलाचा दवाखान्यातल्या खाटेवरचा फोटो, आईने लिहिलेला मजकूर, रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक आणि खाली क्यूआर कोड. दहाबारा जणांनी पैसे पाठवून स्क्रीनशॉटही टाकले होते. हे स्क्रीनशॉट टाकणं मला मुळीच पटत नाही. दान केलं ते मनात ठेवावं. शिवाय एकाचा स्क्रीनशॉट बघून दुसऱ्याला वाटतं की यांनी चौकशी केली असेल, आणि तिसऱ्याला वाटतं की त्या दोघांनी केली असेल. चौकशी कोणीच केलेली नसते.

आत्याने कोड स्कॅन केला, पण पैसे भरले नाहीत. पिन टाकण्याआधी पडद्यावर खातेदाराचं नाव येतं, तेवढंच तिला बघायचं होतं. नाव ना आईचं होतं, ना वडिलांचं, ना रुग्णालयाचं. ज्यांनी पोस्ट टाकली त्यांना तिने विचारलं, तर त्यांना ती दुसऱ्या ग्रुपवरून आलेली. आमच्या घरातले सगळे म्हणाले, "खोटं आहे, सोडून दे." आत्या म्हणाली, "खातं खोटं दिसतंय. मुलगा खोटा आहे असं कुठं कळलंय?"

मग तिने अंदाजपत्रक मोठं करून वाचलं. त्यावर तारीख होती, मुलाचं नाव होतं आणि रुग्णाचा नोंदणी क्रमांक होता. पोस्टमध्ये दिलेल्या नंबरावर तिने फोन केला नाही. रुग्णालयाच्या वेबसाइटवरून नंबर काढला आणि थेट बिलिंग विभाग मागितला. पलीकडची मुलगी म्हणाली, "रुग्णाची माहिती आम्ही फोनवर देत नाही." आत्या म्हणाली, "आजाराचं काहीच सांगू नका. या नोंदणी क्रमांकावर मला पैसे जमा करायचे आहेत. या नावाने तुम्ही घ्याल का, आणि पावती द्याल का?" थोडा वेळ गेला. उत्तर आलं, "हो, घेऊ. कोणत्या खात्यात भरायचे ते आमच्या वेबसाइटवर आहे. भरताना हा क्रमांक लिहा."

म्हणजे मुलगा होता, आजार होता, उपचारही चालू होते. मग तिने आईच्या मजकुरातलं एक लांब वाक्य उचललं, अवतरणचिन्हांत घालून इंटरनेटवर शोधलं आणि मूळ आवाहन सापडलं. निधी गोळा करणाऱ्या एका संकेतस्थळावर त्या कुटुंबाचं पान होतं. फोटो तोच, मजकूर तोच, अंदाजपत्रक तेच. फिरणाऱ्या पोस्टमध्ये शेवटच्या दोन ओळी तेवढ्या कापल्या होत्या. त्यांत मूळ पानाची लिंक होती, आणि तिच्या जागी चोराने आपला क्यूआर कोड चिकटवला होता.

आता बघा, आत्याने "हे खोटं आहे, कोणी पैसे देऊ नका" असं ग्रुपवर लिहिलं असतं, तर त्या खऱ्या आईची मदतही तिथेच थांबली असती. आत्याने लिहिलं ते असं: मूल खरं आहे, हा कोड त्यांचा नाही, मूळ पानाची लिंक ही आणि थेट रुग्णालयात भरायचे असतील तर नोंदणी क्रमांक हा. मूळ पानावर निरोप पाठवायची सोय होती, तिथून तिने आईवडिलांनाही कळवलं. त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं.

अर्थात मूळ पान सापडलं म्हणजे सगळं झालं असंही नाही. त्या पानावर दोन गोष्टी बघाव्यात. पैसे थेट रुग्णालयाला जाणार की कोणा व्यक्तीच्या खात्यात, ही पहिली. आणि अंदाजपत्रकाची तारीख, ही दुसरी. वर्षभरापूर्वीचं अंदाजपत्रक असेल आणि पानावर नंतरची एकही नोंद नसेल, तर आधी रुग्णालयाला फोन करावा. आजार बरा झालेला असतो, कधी मूल गेलेलंही असतं, आणि पोस्ट मात्र फिरतच राहते.

पुराकडे परत येतो. पुराच्या पोस्टरवर क्यूआर कोड असतो तेव्हा तर एका अक्षराचाही माग लागत नाही, कारण तो कोड डोळ्यांना वाचताच येत नाही. खरं पोस्टर घेऊन त्यावरचा फक्त चौकोन बदलता येतो. म्हणून फॉरवर्डमधला कोड वापरूच नका. सरकारी निधी असो की संस्था, तिच्या स्वतःच्या वेबसाइटवर जा आणि तिथून भरा. संस्थेचा नोंदणी क्रमांक पोस्टरवर छापलेला असेल तर तो संस्था आहे एवढंच सांगतो. खातं त्याच संस्थेचं आहे हे तो सांगत नाही.

वैयक्तिक खात्यावर पैसे मागणारे सगळेच लबाड नसतात, हेही सांगायला हवं. पूर आला की गावातली चार पोरं एकाच्या खात्यावर पैसे गोळा करतात आणि सरकारी गाडी पोहोचण्याआधी पाणी आणि औषधं पोहोचवतात. त्यांना विचारा, कोणत्या गावात, कोणत्या वस्तीत, काय दिलं आणि तिथे कोणाशी बोलू? खरं काम करणारा माणूस वस्तीचं नाव सांगतो, तिथल्या कोणाचा तरी नंबर देतो. लबाड माणूस घाई करतो, "आत्ता पाठवा, नंतर बोलू" म्हणतो. आणि हो, पूरग्रस्तांना फाटके जुने कपडे पाठवू नका. ते निवडत बसायला तिथे कोणाला वेळ नसतो. त्यापेक्षा पैसे द्या, थोडे द्या, पण योग्य खात्यात द्या.

पैसे चुकीच्या खात्यात गेलेच, तर 1930 या नंबरावर लगेच फोन करा किंवा cybercrime.gov.in वर तक्रार नोंदवा, आणि आपल्या बँकेलाही कळवा. लगेच म्हणजे त्याच तासात, कारण चोराने पैसे पुढच्या खात्यात वळवण्याआधीच ते रोखून धरता येतात. फोन करताना व्यवहाराचा बारा आकडी यूपीआय संदर्भ क्रमांक हाताशी ठेवा. तो ॲपमध्ये त्या व्यवहाराच्या तपशिलात मिळतो. आणि मूळ पोस्ट खोडू नका, तक्रारीला ती लागते.